सांध्यात भरायचा आवाज

चित्रीकरणातल्या शेवटच्या टेकला दिग्दर्शक ‘ओके’ म्हणतो आणि युनिट हुश्श करतं. लाइटवाले दिव्यांकडे वळतात, स्पॉटबॉय खुर्च्या उचलायला लागतात. तेवढ्यात कानाला हेडफोन लावलेला साउंड रेकॉर्डिस्ट हात वर करतो, ‘‘कुणी हलू नका, रूम टोन घ्यायचाय.’’ मग तीस-चाळीस माणसं होती तिथे, होती तशी उभी राहतात. कुणी बोलत नाही, कुणी पाय हलवत नाही. रेकॉर्डर चालू असतो आणि त्या मिनिटभरात वरवर पाहता काहीच रेकॉर्ड होत नाही.

प्रत्यक्षात बरंच काही होत असतं. माणसं गप्प झाली तरी खोली गप्प होत नाही. खिडकीबाहेरच्या रस्त्याची घरघर, दिव्यांची आणि वायरिंगची बारीक गुणगुण, शेजारच्या घरातली मोटर हे सगळं भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळतं आणि त्या खोलीचा, त्या वेळेचा म्हणून एक पोत तयार होतो. पात्रांचा प्रत्येक शब्द या पोतासकटच माइकमध्ये शिरतो. रूम टोन म्हणजे शब्द वगळून राहिलेला हा पोत.

मराठी-हिंदी चित्रपटांना अनेक दशकं याची फारशी गरज पडली नाही. सुरुवातीचे बोलपट, म्हणजे ‘अयोध्येचा राजा’च्या (१९३२) काळातले, सेटवरच आवाज टिपून केलेले असत. पुढे डबिंगची पद्धत रुळली. गोंगाट करणारे कॅमेरे चालायचे, कारण जागेवरचा आवाज नंतर फेकूनच द्यायचा असे. संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घेतले जात. ‘लगान’ने (२००१) कच्छमधल्या चित्रीकरणात जागेवरचाच आवाज वापरला आणि सिंक साउंडकडे निर्मात्यांचं लक्ष वेधलं गेलं. मराठीत ‘ख्वाडा’ला लोकेशन साउंडसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आवाज जागेवरचा ठेवायचा म्हटलं की जागेची शांतताही सोबत न्यावी लागते.

ती का, हे एका साध्या प्रसंगावरून पाहू. समजा, गिरगावातल्या जुन्या चाळीतली खोली आहे. आई गॅलरीच्या दारापाशी बसली आहे, मुलगा आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा आहे. विषय खोली विकण्याचा. मुलगा विचारतो, ‘‘मग काय ठरवलंस, आई?’’ आई थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, ‘‘नाही विकायची.’’ पडद्यावर हे जेमतेम दहा सेकंदांचं काम. पण दोघांचा एकत्र शॉट दुपारी दोनला घेतला, आईचा क्लोजअप साडेतीनला आणि मुलाचा पाचनंतर. आईच्या डोक्यावरच्या बूम माइकला गॅलरीतून येणारा रस्ता ऐकू येतो. मुलाच्या माइकला तो निम्मासुद्धा ऐकू येत नाही, कारण तो खोलीच्या आतल्या कोपऱ्यात आहे.

आता संकलक मुलाचा प्रश्न आणि आईचं उत्तर शेजारी-शेजारी ठेवतो. संवाद दोन्हीकडे स्वच्छ आहेत. तरी कट आला की रस्त्याचा आवाज एकदम वर येतो आणि परत मुलावर गेलं की बुडतो. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण दोन माणसं एका खोलीत बोलताहेत हा विश्वास तिथे उसवतो. कानाला मागचा आवाज खुपत नाही. अचानक झालेला बदल खुपतो. रस्त्याची घरघर अखंड चालू राहिली तर दोन मिनिटांत तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

दुसरी अडचण आईच्या गप्प बसण्याची. अभिनेत्री मूळ टेकमध्ये दोन सेकंद थांबली होती. संकलकाला ती शांतता चार सेकंदांची हवी आहे, म्हणून त्याने दुसऱ्या टेकमधला तिचा चेहरा तिथे जोडला. त्या टेकमध्ये नेमकं दिग्दर्शकाचं कुजबुजणं आहे, ‘‘अजून थांबा, अजून...’’ ते कापायलाच हवं. पण कापलं की तिथे आवाजाचं भोक पडतं. संगणकावरची ही निखळ शांतता कोणत्याही खोलीत नसते. थिएटरमध्ये ती ऐकू आली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. ते भोक आईच्याच बाजूच्या रूम टोनने भरावं लागतं. कापडाला ठिगळ लावताना ते त्याच थानातलं असावं लागतं, तसाच हा प्रकार.

म्हणूनच टोन घेण्याच्या काही अटी असतात. संवाद ज्या माइकने घेतले तोच माइक, त्याच जागी, त्याच दिशेला. रेकॉर्डरवरची पातळी तीच. बूम आणि शर्टाच्या आत लावलेला लेपल माइक यांना एकच खोली वेगवेगळी ऐकू येते, म्हणून दोन्हींचा टोन घ्यायचा. टेकच्या वेळी जळत असलेले दिवे जळतेच ठेवायचे, पंखा बंद होता तर बंदच. माणसंही खोलीतच हवीत. तीस जणांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात. ती बाहेर गेली की खोली जास्त घुमते. अवधी तीस सेकंद ते एक मिनिट. त्यातलं सुरुवातीचं स्थिरावणं, कुणाचं खाकरणं, चपलेचं करकरणं वजा जाता सलग पंधरा-वीस सेकंद हाती लागले तरी पुरेसे असतात. सुरुवातीलाच रेकॉर्डिस्ट माइकमध्ये बोलून ठेवतो, ‘‘सीन बारा, आईची बाजू, रूम टोन’’, म्हणजे महिन्यांनंतर एडिटरूममध्ये शोधाशोध होत नाही.

खऱ्या घरात शूटिंग असेल तर फ्रिज ही खास डोकेदुखी. त्याचा कॉम्प्रेसर मनाला येईल तेव्हा सुरू होतो, म्हणजे एका टेकमध्ये गुणगुण आहे आणि पुढच्यात नाही. म्हणून तो बंद करतात, आणि पॅकअपनंतर परत चालू करायला विसरू नये म्हणून जगभरचे रेकॉर्डिस्ट आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात.

प्रत्येक सेटअपला मिनिटभर शांतता मिळेल, असं मात्र शूटिंगचं वेळापत्रक नसतं. त्यावरचा उपाय सोपा आहे. दिग्दर्शकाने ‘ॲक्शन’ म्हणण्याआधी तीन सेकंद आणि ‘कट’ म्हणण्याआधी तीन सेकंद थांबायचं. त्या क्षणांचा टोन त्याच टेकचा, त्याच मिनिटाचा असतो. संवाद-संकलकाला बरेचदा वेगळ्या घेतलेल्या टोनपेक्षा हाच अधिक उपयोगी पडतो, कारण साडेतीनचा रस्ता आणि पाचचा रस्ता एक नसतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागाही तो अशाच वेचून ठेवतो.

एडिटरूममध्ये आपल्या प्रसंगाचं काम साधारण असं चालतं. आईच्या शॉटचा आवाज एका ट्रॅकवर आणि मुलाचा दुसऱ्यावर घेतला जातो. आईच्या चार सेकंदांत तिचा टोन भरला जातो. मग प्रत्येक तुकडा कटच्या अलीकडे-पलीकडे थोडा लांबवून दोन पोत एकमेकांत विरघळवले जातात. कधी दोन-चार फ्रेमपुरते, म्हणजे सेकंदाचा बारावा ते सहावा भाग, कधी अर्धा सेकंद. चित्राचा कट जिथे आहे तिथेच आवाजाचा बदल ठेवायची सक्ती नसते. मुलाच्या ‘मग’मधल्या ‘म’च्या तोंडावर बदल सरकवला तर शब्दाच्या आड तो लपतो.

एवढं करूनही मुलाची बाजू सुनीच वाटते. इथे नवख्या माणसाला आईच्या बाजूचा रस्ता पुसावासा वाटतो. अनुभवी संकलक आधी उलटं करून पाहतो: आईच्या बाजूचा टोन मुलाच्या संवादाखाली हळूच पसरतो. शांत बाजूला गोंगाट देता येतो. गोंगाटाच्या बाजूतून तो काढताना शब्दांचेही लचके निघतात. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर्स रूम टोनचाच नमुना घेऊन कुठली गुणगुण काढायची ते ठरवतात, आणि बेताने वापरली तर मदतही करतात. अति केलं की शब्दांच्या मधे मिट्ट शांतता आणि शब्दाबरोबर परत उसळणारी घरघर असा श्वासासारखा चढउतार ऐकू यायला लागतो. तो मूळ गोंगाटापेक्षा वाईट.

पावसाळ्यात हा नियम चांगलाच कळतो. आईचा क्लोजअप कोरड्यात झाला आणि मुलाच्या वेळी सर आली, तर पाऊस मुलाच्या संवादातून काढता येणार नाही. मग शहाणा रेकॉर्डिस्ट तेव्हाच गॅलरीत माइक धरून पाच मिनिटं पाऊस टिपून ठेवतो. नंतर तो आईच्या शॉटखाली घालता येतो, अर्थात गॅलरीचं दार फ्रेममध्ये दिसत नसेल तर.

गॅलरीतलं हे रेकॉर्डिंग म्हणजे अँबियन्स. त्याचं काम वेगळं. रूम टोन संवादाच्या माइकने, एकाच बिंदूवरून, दुरुस्तीसाठी घेतात. अँबियन्स स्टिरिओत, काही मिनिटांचा, जागेची ओळख सांगण्यासाठी: कावळे, भांड्यांचा आवाज, खालच्या रस्त्यावरची वर्दळ. तो संपूर्ण प्रसंगाखाली न कापता सलग वाहतो आणि चित्र कितीही वेळा बदललं तरी जागा एकच असल्याचं कानाला पटवतो. पण खालचे टोनचे सांधे नीट बसले नसतील, तर ते झाकायला अँबियन्स एवढा वाढवावा लागतो की संवादच दबतात.

टोन भरण्यातली नेहमीची चूक म्हणजे आखूड तुकडा पुन्हा पुन्हा जोडणं. पाच सेकंदांच्या तुकड्यात एक कावळा ओरडला असेल, तर चार वेळा जोडल्यावर वीस सेकंदांत तोच कावळा चार वेळा, मोजून मापून ओरडतो. एकदा लक्षात आलं की कान दुसरं काही ऐकतच नाही. त्यामुळे निवडायचा तुकडा जमेल तितका बेचव हवा. तो कमी पडलाच तर एकदा सरळ, एकदा उलटा असा जोडतात. नुसत्या घरघरीला हे चालतं, पण त्यात हॉर्न असेल तर उलटा हॉर्न लगेच पकडला जातो.

सांधे तपासायला फोनचा स्पीकर उपयोगाचा नाही. रस्त्याची खर्जातली घरघर त्याला वाजवताच येत नाही. हेडफोन लावून, आवाज नेहमीपेक्षा मोठा करून आणि चित्र बंद ठेवून प्रसंग ऐकायचा. चित्र नसताना कट कुठे आहे ते कळलं, तर तिथे काम बाकी आहे.

हाच चित्रपट पुढे दुसऱ्या भाषेत डब झाला, तर रूम टोनचा पुन्हा हिशोब होतो. मराठी संवाद काढले की त्यांना चिकटलेली गिरगावची खोलीही निघून जाते आणि डबिंग कलाकाराचा आवाज गाद्या लावलेल्या स्टुडिओतून कोरडा येतो. भाषेविना उरलेल्या साउंडट्रॅकमध्ये आई आणि मुलगा बोलत होते तेवढा सगळा वेळ तेव्हा नव्याने भरावा लागतो. चित्रीकरणाच्या दिवशी दोन्ही बाजूंचा मिनिटभर टोन घेतलेला असेल तर हे काम त्यातून निभतं. नसेल तर शब्दांच्या फटींतून अर्धा-अर्धा सेकंद वेचत बसावं लागतं.