दोन हिरवे एकदम लागले तर?

अमेरिकेतल्या चौकांच्या कोपऱ्यावर सिग्नलचं लोखंडी कपाट असतं. त्यात कंट्रोलर असतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा मॉनिटरही. कोणता दिवा कधी आणि किती वेळ लावायचा, हे कंट्रोलर ठरवतो. मॉनिटर काहीच ठरवत नाही. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांवर प्रत्यक्ष किती व्होल्ट आहेत हे तो बघतो. कंट्रोलर काय सांगतो यावर तो विसंबून राहत नाही, आणि माझ्या मते या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

कंट्रोलर हे स्टेट मशीन. मुख्य रस्ता हिरवा, मग पिवळा, मग क्षणभर सगळीकडे लाल, मग आडवा रस्ता हिरवा: एका वेळी एकच अवस्था, आणि पुढची अवस्था ठरलेल्या अटीवरच. तपासणीत मात्र हा शिस्तीचा क्रम चालताना बघून भागत नाही. जे कधीच घडू नये ते मुद्दाम घडवावं लागतं.

मोठ्या मॉनिटरला 16 वाहिन्या असतात, म्हणजे 120 जोड्या. कोणत्या जोडीला एकत्र हिरवं चालेल हे एका कार्डावर तारेचा तुकडा जोडून सांगतात. तुकडा नसेल तर ती जोडी निषिद्ध. विसरभोळ्या माणसाची चूक त्यामुळे सुरक्षित बाजूला पडते. तपासणारा मुख्य रस्ता हिरवा असताना आडव्या रस्त्याच्या हिरव्या तारेवर वीज सोडतो. ती 0.45 सेकंद टिकली तर मॉनिटरने चौक ताब्यात घेऊन दिवे लुकलुकते करायलाच हवेत. पण 0.2 सेकंदापेक्षा छोट्या झटक्याला त्याने दाद देता कामा नये, नाहीतर किरकोळ खळखळीनेही चौक बंद पडेल. दोन्ही चाचण्या हव्यात, आणि प्रत्येक जोडीसाठी.

टायमरची गंमत वेगळी. अग्निशमन गाडीने रस्ता मागितला की कंट्रोलर घाईत येतो. म्हणून ही मागणी चक्राच्या वेगवेगळ्या क्षणी, पिवळा लागण्याच्या अगदी तोंडावरसुद्धा, देऊन बघतात. पिवळा 2.7 सेकंदांहून कमी टिकला, तर तोही दोषच.

दोष पकडल्यावर वीज घालवून परत आणायची. चौक लुकलुकतच राहिला पाहिजे. माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत सुटका नाही. वीज गेली-आली एवढ्यावर दोष पुसला गेला, तर बिघाड तसाच ठेवून चौक पुन्हा धावू लागेल.

एलईडी दिव्यांनी एक नवा घोळ आणला. दिव्याचा जोड सैल झाला की स्विचमधून झिरपणाऱ्या विजेमुळे त्या तारेवर 25 व्होल्टच्या वर दाब चढतो, आणि मॉनिटरला न पेटलेला हिरवा पेटलेला वाटतो. रस्त्यावरून मात्र दोन हिरवे एकदम पेटलेले दिसतच नाहीत. मॉनिटरच्या नोंदीत त्या वाहिनीवर 120 ऐवजी तीसेक व्होल्ट दिसले, की तंत्रज्ञ कंट्रोलर सोडून खांबावरची वायर तपासायला जातो.