पाऊण तास चाललो, खर्च किती झाला?

आजची गोष्ट हिशेबाची आहे, त्यामुळे हाताशी कागद-पेन असेल तर घेऊन बसा. आकडे अवघड नाहीत. गटाच्या बचतीचे व्याज काढता येते तिला हेही जमेल.

रोज संध्याकाळी फाट्यापर्यंत चालायला जाणाऱ्या दोन जावा आमच्या बैठकीला येतात. थोरलीचे वजन ७० किलो, रक्तात साखर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले. धाकटी ४५ किलोची, अंगाने बारीक. ती थोरलीच्या सोबतीला म्हणून जाते, कारण परतताना अंधार पडतो. फोन धाकटीच्या हातात असतो आणि त्यातले चालणे मोजणारे अ‍ॅप रोज दाखवते: २०५ कॅलरी.

"अक्का, दोनशे पाच झाल्या," धाकटी सांगते. थोरली म्हणते, "मग आज दोन भजी चालतील गं." दोघींचा हिशेब एकच. पण ७० किलो आणि ४५ किलोचा खर्च सारखा कसा होईल? आम्ही फोन हातात घेऊन पाहिले, तर अ‍ॅपमध्ये वजन लिहिलेले होते ७८ किलो. फोन धाकटीच्या नवऱ्याचा. म्हणजे चालत होत्या या दोघी आणि हिशेब चालला होता घरी बसलेल्या माणसाचा! तुमच्याकडेही फोन घरातल्या पुरुषाचा असेल, तर आधी तेवढे पाहून घ्या.

आता खरा हिशेब कसा करायचा ते बघू. त्यासाठी एक शब्द लागतो, मेट. आपण खाटेवर निवांत बसलो तरी शरीराचे काम थांबत नाही. काळीज चालते, श्वास चालतो, अंग उबदार राहते. या बसल्या जागच्या खर्चाला १ मेट म्हणतात, आणि तो धरतात किलोमागे तासाला १ कॅलरी. ७० किलोची बाई तासभर नुसती बसली तर ७० कॅलरी गेल्या. चालताना हा खर्च जितक्या पटीने वाढतो, तितके त्या चालण्याचे मेट.

हे मेट आपल्याला मोजावे लागत नाहीत. अमेरिकेत बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली शेकडो कामांचा एक तक्ता केला आणि तो पुढे वेळोवेळी सुधारत नेला. त्यातला २०११ सालचा तक्ता जगभर वापरला गेला; २०२४ च्या तक्त्यात आकडे थोडेफार बदललेत. आम्ही इथे २०११ चे धरतो. सपाट रस्त्यावर तासाला ४ किलोमीटर, म्हणजे रमतगमत, चालायला ३ मेट लागतात. तासाला ५ किलोमीटरच्या जवळपास नेहमीच्या चालीला साडेतीन मेट. आणि झपाझप, तासाला साधारण साडेसहा किलोमीटर चालले तर ५ मेट.

आपली चाल कोणती हे ओळखायला फोन लागत नाही. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती मिनिटे लागली ते घड्याळात बघा आणि ६० ला त्या मिनिटांनी भागा. १५ मिनिटे लागली तर तासाला ४ किलोमीटर, १२ मिनिटे लागली तर ५. आपल्या दोघी जावांना १२ मिनिटे लागली.

मग हिशेब असा: मेट गुणिले वजन गुणिले तास. थोरलीचे साडेतीन गुणिले ७० म्हणजे २४५, ही तासाची रक्कम. त्या पाऊण तास चालतात, म्हणून २४५ ची पाऊण, साधारण १८४ कॅलरी. धाकटीचे साडेतीन गुणिले ४५ म्हणजे साडेसत्तावन्न अधिक शंभर, १५७.५, त्याची पाऊण ११८. एकाच रस्त्यावर, एकाच चालीने, सोबत गप्पा मारत चालल्या, आणि दोघींच्या खर्चात ६६ कॅलरींचा फरक. जास्त वजन ओढून न्यायला जास्त इंधन लागते, बैलगाडीचे आहे तसेच.

बहुतेक जणी इथे थांबतात. अ‍ॅपही बहुधा इथेच थांबते. पण या १८४ मध्ये एक रक्कम अशी आहे, जी थोरली घरी बसली असती तरी खर्च झालीच असती. पाऊण तास बसून राहिल्यावर ७० ची पाऊण, ५२ ते ५३ कॅलरी जाणारच होत्या. चालण्यामुळे जास्तीचा खर्च किती झाला हे पाहायचे असेल, तर मेटमधून १ वजा करायचा. साडेतीनचे अडीच झाले. अडीच गुणिले ७० म्हणजे १७५, त्याची पाऊण १३१. धाकटीचे अडीच गुणिले ४५, म्हणजे ११२.५, त्याची पाऊण ८४. दुकानदार गल्ल्यातले सगळे पैसे नफा धरत नाही, मालाची किंमत आधी काढून ठेवतो. इथेही तसेच.

या वजाबाकीतून एक सोपी गोष्ट निघते. आम्हाला तर पूर्ण सूत्रापेक्षा तीच जास्त उपयोगी वाटते. तासाला ५ किलोमीटर चालीला जास्तीचे अडीच मेट, म्हणजे एका किलोमीटरला किलोमागे अर्धी कॅलरी. तासाला ४ च्या चालीला जास्तीचे दोन मेट, तरी किलोमीटरला अर्धीच. म्हणजे साध्या चालीने सपाट रस्त्यावर जितके किलोमीटर, तितक्या वेळा आपल्या वजनाचे निम्मे. थोरलीचे निम्मे ३५. पाऊण तासात पावणेचार किलोमीटर झाले. ३५ गुणिले पावणेचार, पुन्हा १३१. सावकाश चालले तर किलोमीटरचा खर्च फारसा घटत नाही, वेळ तेवढा जास्त जातो. झपाझप चालले, तर मात्र तो निम्म्याच्या थोडा वर जातो.

आता या १३१ चे मोल स्वयंपाकघरात बघू. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण १७० कॅलरी असतात. एका चमचा साखरेत, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, २०. तेवढ्याच तेलात ४५. थोरलीचे सगळे चालणे पाऊण भाकरीइतके झाले. दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा घेतले तर नुसत्या साखरेच्याच ८० परत आल्या, दूध वेगळे. आणि भजी जे तेल पितात ते आणखी वेगळे. महिन्यातले २६ दिवस चालले तर २६ गुणिले १३१, साधारण ३४०० कॅलरी. अंगातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे खाणे अजिबात वाढले नाही, तरच महिन्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडे कमी वजन उतरेल. थोरलीने हे ऐकून "एवढेच?" म्हटले. एवढेच. पण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात आणि तो फायदा काटा हलला नाही तरी मिळतो, म्हणून तिने चालणे सोडायचे कारण नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तिने मात्र उपाशीपोटी निघू नये. दरदरून घाम आला, हात थरथरले तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. पदरात गूळ-साखर असावी.

धाकटीचा हिशेब उलटा चालतो. तिला वजन उतरवायचे नाही. दिवसभर शेत, गुरे, पाणी, आणि वर संध्याकाळी सोबतीचे ८४, म्हणजे अर्धी भाकरी. ती अर्धी भाकरी तिने रोज जास्त खायला हवी. आमच्याकडे आकडे वजन उतरवायलाच वापरतात, पण ज्या बाईच्या अंगात आधीच कमी आहे तिच्यासाठी तोच आकडा ताटात वाढायचा असतो.

हिशेब कुठे फसतो? पहिले, वेळेत. घरून निघून घरी येईपर्यंत पाऊण तास झाला, पण त्यातली १० मिनिटे फाट्यावर उभे राहून बोलण्यात गेली, तर चालणे ३५ मिनिटांचेच. दुसरे, रस्त्यात. हे आकडे सपाट रस्त्याचे आणि रिकाम्या हातांचे. टेकडी चढताना मेट सहाच्या पुढे जातात, म्हणजे सपाटीच्या जवळजवळ दुप्पट. डोक्यावर हंडा असेल तर हा साधा हिशेब लागूच पडत नाही.

तिसरी फसगत खुद्द त्या १ मेटमध्ये आहे. किलोमागे तासाला १ कॅलरी हे माप सगळ्यांच्या अंगाला बसत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसातशेहून अधिक माणसांचा बसल्या जागचा खर्च मोजला, तो सरासरी १ ऐवजी ०.८४ कॅलरीच्या आसपास निघाला. अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असले की तो कमी भरतो. वय वाढले की आणखी उतरतो. म्हणून थोरलीचे १३१ आम्ही १०० ते १३० असेच लिहितो. अ‍ॅपवर १३१.२५ असे दिसले तरी शेवटच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

आता धावणाऱ्या मुलींसाठी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली सकाळी रस्त्याने दिसतात. धावताना प्रत्येक पावलाला अख्खे शरीर जमिनीवरून उचलले जाते, त्यामुळे किलोमीटरचा खर्चही चालण्यापेक्षा जास्त. तासाला ८ किलोमीटर वेगाने धावायला ८.३ मेट. मुलगी ५० किलोची, ५ किलोमीटर धावली, वेळ लागला साडेसदतीस मिनिटे. १ वजा करून ७.३ गुणिले ५० म्हणजे ३६५, हा तासाचा खर्च; तिच्या वेळेचे झाले २२८. सोपे करून सांगायचे तर धावताना किलोमीटरला वजनाइतक्या, किंवा थोड्या कमी कॅलरी. वेग वाढवला तरी किलोमीटरमागचा खर्च फारसा बदलत नाही, अंतर वाढले की वाढतो. २२८ म्हणजे सव्वा भाकरीहून थोडे जास्त. सराव सुरू झाल्यापासून मुलीच्या ताटात तेवढे वाढले आहे का, की "धावायचंय, हलकं राहू दे" म्हणून उलट कमी झाले आहे, हे तिच्या आईने एकदा मोजून बघावे.