सभेची सूचना सोपी करताना

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांच्या सभेच्या सूचना वाचल्या की कधी कधी आपण सिडनीत आहोत की मंत्रालयाच्या आवारात, असा प्रश्न पडतो. एरवी ढोकळ्याच्या ऑर्डरपासून नाटकाच्या तिकिटांपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चुटकीसरशी उरकणारी माणसं वार्षिक सभा जवळ आली की एकदम ‘सूचित करण्यात येते की’ लिहू लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. बहुतेकांनी आयुष्यात सभेची सूचना म्हणून जे काही पाहिलं, ते पुण्या-ठाण्यातल्या गृहनिर्माण सोसायटीच्या फलकावर किंवा नोकरीतल्या परिपत्रकात पाहिलेलं असतं. तोच साचा विमानात बसून इथे आला.

असा एक नमुना घेऊ. कुठल्याही एका मंडळाचा हा नाही. अशा अनेक सूचनांत दिसणारी वाक्यं मी एकत्र केली आहेत.

‘उपरोक्त विषयास अनुसरून मंडळाच्या सर्व सन्माननीय सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की, मंडळाची सन २०२५-२६ ची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. १८ ऑक्टोबर २०२६ रोजी दुपारी ठीक ३.०० वाजता नेहमीच्या सभागृहात आयोजित करण्यात आलेली असून, सदर सभेमध्ये विषयपत्रिकेत नमूद विषयांवर विचारविनिमय होऊन निर्णय घेण्यात येणार असल्याने सर्व सभासदांनी सपत्नीक वेळेवर उपस्थित राहावे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास सदर सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासानंतर घेण्यात येईल व अशा सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ज्या सभासदांची वर्गणी थकीत आहे अशा सभासदांस मतदानाचा अधिकार राहणार नाही, याची नोंद घ्यावी.’

खाली विषयपत्रिका, आणि तिच्यातला पाचवा विषय असा: ‘मंडळाच्या घटनेतील कलम १४ मध्ये दुरुस्ती करणेबाबत विचार करणे.’

अशी सूचना सोपी करायला घेतल्यावर पहिला मोह होतो तो शब्द बदलण्याचा. ‘सदर’ काढून ‘ही’ घालायचं, ‘उपरोक्त’ काढून ‘वरील’ घालायचं. त्याने मजकूर जरा हलका होतो, पण तेवढाच. आधी कागदावर चार प्रश्न लिहावेत. कुठे आणि कधी यायचं? आल्यावर मी काय करायचं? आलो नाही किंवा उशीर झाला तर काय? आणि येण्याआधी मला काही करायचं आहे का? मूळ सूचनेतून या चारांची उत्तरं शोधायची. पहिल्याचं उत्तर मिळतं, तेही पंचवीसेक शब्द ओलांडल्यावर. दुसऱ्याचं मात्र मिळतच नाही. ‘निर्णय घेण्यात येणार’ आहे, पण कोण घेणार?

सरकारी मराठीची खरी गाठ इथे आहे. ‘करण्यात येते’, ‘घेण्यात येईल’, ‘गृहीत धरण्यात येईल’ या रचनांत कर्ता गायब होतो. मंत्रालयातल्या टिपणीत ते सोयीचं असतं, कारण तिथे निर्णय माणसाचा नसतो, शासनाचा असतो. ‘आय अ‍ॅम डायरेक्टेड टू’ या इंग्रजी ठशावरून ‘असे कळविण्याचे निदेश आहेत की’ तयार झालं, तेही याच कारणाने. मंडळात मात्र कर्ता समोर बसलेला असतो. म्हणून प्रत्येक ‘करण्यात येते’पुढे पेन्सिलीने ‘कोण?’ लिहावं. सूचना पाठवणारी कार्यकारिणी आहे. निर्णय घेणार आहेत सभासद, मतदानाने. हे कळलं की वाक्य आपोआप उलटतं: ‘या सभेत तुम्ही दोन गोष्टींवर मत द्यायचं आहे.’

कोणत्या दोन? एक नवी कार्यकारिणी, आणि दुसरी ती कलम १४ ची दुरुस्ती. आता सचिवांना विचारावं लागतं की दुरुस्ती नेमकी काय आहे. समजा उत्तर आलं: कार्यकारिणीत सध्या सात जागा आहेत, त्या नऊ करायच्या आहेत. इतकी साधी गोष्ट ‘दुरुस्ती करणेबाबत विचार करणे’च्या बुरख्याआड होती. आणि इथे भाषेचं काम कायद्याला जाऊन भिडतं. न्यू साउथ वेल्समध्ये नोंदणी झालेली मंडळं ‘असोसिएशन्स इन्कॉर्पोरेशन अ‍ॅक्ट २००९’ खाली चालतात. घटनेत बदल करायचा तर विशेष ठराव लागतो. त्याची सूचना सभेच्या किमान २१ दिवस आधी द्यावी लागते, हा ठराव विशेष ठराव म्हणून मांडला जाणार आहे हे तिच्यात सांगावं लागतं, आणि पडलेल्या मतांपैकी किमान तीन-चतुर्थांश मतं बाजूने लागतात. ‘विचार करणे’ म्हणून छापलेल्या विषयावर सभेत विचार जरूर करा, पण त्याच्या जोरावर घटना बदलली तर एखादा चिडलेला सभासद तो ठरावच प्रश्नांकित करू शकतो. मूळ वाक्य कठीण होतं, पण खरी अडचण त्याच्या अपुरेपणाची होती, आणि कठीणपणामुळे ते अपुरेपण कुणाला दिसलं नाही.

दुसरं असंच वाक्य गणपूर्तीचं. ‘अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी, गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही’ हे महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या सूचनांत इतकं ठरलेलं आहे की लिहिणाऱ्याचा हात ते आपोआप लिहून जातो. न्यू साउथ वेल्सच्या फेअर ट्रेडिंग खात्याची आदर्श घटना वेगळं सांगते. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम भरला नाही, तर कार्यकारिणीने बोलावलेली सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी भरते. आदर्श घटनेत कोरम आहे पाच सभासदांचा. अनेक मंडळांनी हीच घटना थोड्याफार फरकाने स्वीकारलेली असते, काहींनी स्वतःची लिहिलेली असते. व्हिक्टोरियाचा कायदा वेगळा, तिथले आदर्श नियमही वेगळे. तेव्हा आपल्या मंडळाची घटना उघडून ते कलम वाचल्याशिवाय हे वाक्य लिहूच नये. वाक्य साध्या मराठीत मांडायला घेतलं की ‘मग नेमकं कधी भरणार?’ असा प्रश्न पडतो, आणि तो पडला की घटना उघडावी लागते. ‘तहकूब झाल्यास’ लिहिताना असा प्रश्न कुणाला पडत नाही.

सगळेच जड शब्द मात्र हाकलू नयेत. ‘विशेष ठराव’ राहू द्यावा, कारण त्याला कायद्यात ठरलेला अर्थ आहे आणि सभेच्या इतिवृत्तातही तोच शब्द येणार. फक्त पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. ‘गणपूर्ती’ला ‘कोरम’ चालतो. सभेत बोलताना सगळे तेच म्हणतात. ‘इतिवृत्त’ला ‘मिनिट्स’ म्हणायचं की नाही यावर माझ्या ओळखीत दोन तट आहेत. मी ‘मागच्या सभेची नोंद’ लिहितो आणि वाद टाळतो.

आता आदर. मूळ सूचनेत आदर ‘सन्माननीय’ या एका शब्दात कोंबला आहे आणि शेवटी ‘याची नोंद घ्यावी’ म्हणून डोळे वटारले आहेत. वर्गणी राहिली असेल तर माणसाला थेट मताधिकार गेल्याची नोटीस. आदर्श घटनेतही थकबाकी असलेल्या सभासदाला मत देता येत नाही, म्हणजे माहिती बरोबर आहे. पण ती सांगताना वर्गणी कुठे आणि कशी भरता येईल हे आधी सांगितलं तर तीच माहिती मदत होते. ‘सपत्नीक’ तर काढायलाच हवं. सभासद बाई असेल तर तिने कुणाला घेऊन यायचं? शिवाय हा आग्रह सभेचा आहे की हळदीकुंकवाचा, हेही स्पष्ट नाही. पत्नीही सभासद असेल तर तिला स्वतंत्र सूचना जायला हवी आणि तिचं स्वतंत्र मत आहे.

‘आपण’ की ‘तुम्ही’, हा प्रश्न यात सगळ्यात नाजूक. ज्येष्ठ मंडळींना ‘आपण’ बरं वाटतं. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूसही आणि आपण सगळेही. ‘आपण हा ठराव मांडणार आहोत’ वाचल्यावर ठराव वाचणाऱ्याने मांडायचा की कार्यकारिणीने, असा घोळ होतो. म्हणून सूचनेत मी वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणतो आणि मंडळाच्या बाजूने बोलताना ‘कार्यकारिणी’ लिहितो. ‘तुम्ही या’, ‘तुम्ही कळवा’ यांत अनेकवचनी क्रियापदाने आदर पुरेसा येतो. वर ‘सप्रेम नमस्कार’ असला की कुणालाही उद्धट वाटत नाही.

हे सगळं जमवल्यावर सूचना अशी होते.

‘सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी, १८ ऑक्टोबर २०२६ रोजी दुपारी ३ वाजता नेहमीच्या सभागृहात आहे. तुम्ही जरूर या.

या सभेत तुम्ही दोन गोष्टींवर मत द्यायचं आहे. पहिली, नव्या कार्यकारिणीची निवड. दुसरी, घटनेच्या कलम १४ मधला एक बदल: कार्यकारिणीच्या जागा ७ ऐवजी ९ कराव्यात, असा कार्यकारिणीचा प्रस्ताव आहे. हा विशेष ठराव म्हणून मांडला जाईल. म्हणजे तो मंजूर होण्यासाठी पडलेल्या मतांपैकी किमान तीन-चतुर्थांश मतं त्याच्या बाजूने लागतील. ठरावाचा पूर्ण मजकूर या पत्राच्या शेवटी आहे.

मत देण्यासाठी तुमची वर्गणी भरलेली असावी लागते. राहिली असेल तर सभेआधी मंडळाच्या खात्यात भरा. भरली आहे की नाही हे आठवत नसेल तर खजिनदारांना विचारा.

सभा सुरू होण्यासाठी किमान ५ सभासद हजर हवेत. साडेतीनपर्यंत तेवढे जमले नाहीत तर सभा पुढच्या रविवारी, २५ ऑक्टोबरला, याच वेळी आणि याच ठिकाणी होईल.’

लांबी घटलेली नाही, उलट थोडी वाढलीच आहे, हे लक्षात घ्या. ‘उपरोक्त’, ‘याद्वारे’, ‘सदर’ गेले, पण त्यांच्या जागी आधी नसलेली माहिती आली. सोपं म्हणजे छोटं, हा समज सचिवांच्या डोक्यातून काढणं हे कधी कधी मजकूर बदलण्यापेक्षा अवघड असतं. काही ज्येष्ठ सभासदांना नवा मजकूर ‘अधिकृत वाटत नाही’, असंही ऐकू येतं. त्यावर माझा उपाय म्हणजे वर मंडळाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली सचिवांची सही, आणि मधल्या भाषेला हात लावायचा नाही. औपचारिकपणा कागदाच्या कडेला राहिलेला बरा. सिडनीतल्याच एनआरएमएने १९७६ मध्ये मोटार विम्याची पॉलिसी साध्या इंग्रजीत काढली. पैशाचा करारसुद्धा तसा लिहिता येतो, तर वार्षिक सभा का नाही?

पाठवण्याआधी हा मजकूर दोघांना वाचायला द्यावा. एक असा तरुण सभासद, ज्याने मराठी इथल्या रविवारच्या शाळेत शिकली आणि जो देवनागरी सावकाश वाचतो. दुसऱ्या म्हणजे कार्यकारिणीत कधीच न पडलेल्या एखाद्या काकू. ‘कळलं का?’ असं विचारू नये, कारण त्यावर दोघंही हो म्हणतात. ‘मी पावणेचारला आलो तर?’, ‘कलम बदलायला किती मतं लागतील?’ असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर कागदावर कुठे सापडलं ते बोट ठेवून दाखवायला सांगावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या नमुन्यात अर्धवटच आहे: कोरम भरला असेल तर पावणेचारला आलेला माणूस आत येऊन उरलेल्या मतदानात भाग घेऊ शकतो, पण सूचना ते सांगत नाही. तेव्हा तिथे एक वाक्य वाढवावं. ज्या ओळीवर वाचणारा थांबून मागे जातो, ती ओळ तोडावी.

मग इंग्रजी मसुदा. मंडळाची घटना इंग्रजीत असते, तेव्हा विशेष ठरावाचा मजकूर इंग्रजीतही जोडावा लागतो. तो आता नव्या मराठी मसुद्याच्या शेजारी ठेवून तारखा, आकडे आणि कलम क्रमांक एकेक करून ताडून पाहायचे, आणि मगच दोन्ही एकाच ईमेलने २६ सप्टेंबरच्या आत पाठवायचे. १८ ऑक्टोबरच्या २१ दिवस आधीचा दिवस २७ सप्टेंबर आहे. तो रविवार आहे, आणि रविवारी कार्यकारिणीतलं कुणी ना कुणी डोंबिवलीकरांच्या बार्बेक्यूला गेलेलं असतं.