टाच सोलते, पण दोष चवड्यात असतो

नव्या चामडी बुटांनी टाच सोलली की आपण चामड्याला दोष देतो आणि ‘आठवड्याभरात सैल होतील’ म्हणत चालत राहतो. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा बूट पायाच्या मापाचाच नसतो, आणि तसं असेल तर आठवडाच काय, वर्ष गेलं तरी तो बसत नाही.

फोड येतो कसा, ते आधी पाहू. घामाने ओली झालेली कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून राहतो. आतलं टाचेचं हाड मात्र प्रत्येक पावलाला वरखाली होतं. मधल्या मऊ थरांना दोन्हीकडून ताण बसतो, शेवटी ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे टाच बुटात जितकी कमी हलेल आणि पाय जितका कोरडा राहील, तितका फोडाचा धोका कमी.

त्यामुळे नवे बूट पहिल्यांदा घरातच घालावेत. फरशी स्वच्छ असली की तळ खराब होत नाही आणि गरज पडल्यास दुकानात परतही करता येतात. रोज वापरणार तेच मोजे घालावेत. टाच मागे घट्ट टेकवावी आणि मगच नाडी आवळावी. बसल्या बसल्या पाय पुढे सरकलेला असताना नाडी बांधली, तर चालताना टाच उचलली जाणारच. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास पुरे. मग एक दिवस विश्रांती, म्हणजे चामड्यात मुरलेला घाम सुकतो. पुढच्या वेळी वेळ वाढवावा, जिने चढावेत-उतरावेत, कारण तळ वाकायला लागला की टाच उचलली जाणं कमी होतं. साधारण दोन आठवड्यांत दिवसभर घालता यायला हवेत.

टाच लाल होण्याआधीच तिथे मेडिकलमध्ये मिळणारी कागदी मायक्रोपोअर पट्टी सुरकुती न पडू देता लावावी. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात (2016) या साध्या पट्टीने फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं होतं. बूट पाण्यात भिजवणं किंवा हेअर ड्रायरने तापवणं मात्र टाळावं. त्याने चामडं कडक होतं आणि चिकटवलेले जोड सुटू शकतात.

आता मापाचं. माझ्या भाच्याने नोकरीसाठी काळे बूट घेतले. 8 नंबर करंगळीला दाबत होता, म्हणून दुकानदाराने 9 दिला. एका नंबराने बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो, रुंदी त्या मानाने फारच थोडी वाढते. करंगळी दाबली जायची ती जातच राहिली, वर टाच मोकळी झाली. महिना झाला तरी पट्टीखालून फोड येतच होते. मग त्याने आत जाड इनसोल घातला. पाय वर उचलला गेला आणि बोटांवर दाब आणखी वाढला.

आम्ही संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे सुजलेले असताना, त्याला कागदावर उभं केलं आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची आखणी केली. बुटातला मूळ इनसोल काढून त्या आखणीवर ठेवला. पुढे जागा भरपूर होती, पण चवड्याला पाऊल इनसोलच्या बाहेर बोटाच्या जाडीइतकं जात होतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा बुटाच्या सर्वांत रुंद भागावर यायला हवा, तो त्याच्या मागे पडत होता. त्यामुळे बूट वाकायचा एका जागी आणि पाय दुसऱ्या. टाच सोलण्याचं मूळ असं पुढे होतं. शेवटी त्याने रुंद घडणीचा 8 नंबर घेतला, तोही डर्बी प्रकारातला, ज्यात नाडीच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण उघडतात आणि उंच पावलाला जागा मिळते.

चामडं आडवं थोडंफार ताणतं, लांबीत नाही. एखाद्याच जागी टोचत असेल तर चांभाराकडे कलबुतावर चढवून तेवढा भाग ताणून घेता येतो. पण अंगठा पुढे टेकत असेल, तर तो बूट परत करणं हाच उपाय.

बूट रुळत असेल तर त्रास प्रत्येक वेळी थोडा कमी होतो. पाच-सहा वेळा घालूनही त्याच जागी तितकंच दुखत असेल, बोटं बधिर होत असतील, नख काळं पडत असेल किंवा बूट काढल्यावरही चवड्यात जळजळ राहत असेल, तर तो बूट घालणं थांबवावं. नवा बूट घेतल्यावरही दुखणं गेलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी ‘दुखत नाही’ या खुणेवर अजिबात विसंबू नये. त्यांच्यासाठी बूट पहिल्या दिवसापासून सैलसर आणि मऊच हवा. घरातही थोड्या थोड्या वेळाने तो काढून टाच, करंगळी आणि बोटांमधली जागा डोळ्यांनी तपासावी. कुठे लाली दिसली आणि ती काही मिनिटांत गेली नाही, तर तो जोड पुन्हा घालू नये. फोड आलाच तर तो न फोडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.