ताळा जुळला, तरी गुणाकार चुकला

सहावीतल्या नातवाने ३४७ गुणिले ६८ हे गणित सोडवून वही आजोबांपुढे धरली. उत्तर होतं २३,९५६. आजोबांनी नोकरीची सारी वर्षं सरकारी कचेरीत हिशेब लिपिक म्हणून काढलेली. त्यांनी गुणाकार पुन्हा केला नाही, फक्त ताळा पाहिला. ३४७ मधल्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. ६८ चीही १४, म्हणजे ५. पाच पाचे पंचवीस, दोन आणि पाच सात. उत्तरातल्या अंकांची बेरीज २५, म्हणजे पुन्हा सात. “बरोबर आहे,” म्हणत त्यांनी वही परत दिली.

“पण आजोबा, पुस्तकात मागे २३,५९६ दिलंय.”

“छापताना चुकलं असेल. तुझा ताळा जुळतोय.”

“मग पुस्तकातल्या उत्तराचा पण बघा ना!”

आजोबांनी तोही पाहिला. दोन, तीन, पाच, नऊ, सहा मिळून २५, म्हणजे सातच. एका गणिताची दोन उत्तरं आणि दोघांचाही ताळा जुळलेला! शेवटी त्यांनी पूर्ण गुणाकार मांडला. ३४७ ला ८ ने गुणून २,७७६, साठाने गुणून २०,८२०, बेरीज २३,५९६. पुस्तक बरोबर होतं. नातवाने कच्च्या कागदावर नीट गुणाकार केला होता, पण वहीत उतरवताना पाच आणि नऊची अदलाबदल झाली होती.

ही कथा काल्पनिक असली, तरी तिच्यातली सवय खरी आहे. नऊचा ताळा फार जुना. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात तो सापडतो. त्याचं गमक दहाच्या आकड्यात आहे. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणून पाचशेला नऊने भागलं तरी बाकी पाच, पन्नासला भागलं तरी पाचच. अंकांची बेरीज घेणं म्हणजे त्या संख्येची नऊने भागल्यावरची बाकी काढणं. अंक कोणत्या घरात बसला आहे, याच्याशी त्या बाकीला काही देणंघेणं नसतं.

हातचा एक विसरला किंवा पाढ्यात एकाने चूक झाली, तर हा ताळा ती लगेच पकडतो. त्यामुळेच आजोबांचा त्याच्यावर विश्वास बसला होता. पण अंकांची जागा चुकली, तर तो आंधळा. मुलांची नेहमीची एक चूक पाहा. दुसऱ्या ओळीत एक घर सोडायला ती विसरतात. मग वरच्या गणितात २,७७६ आणि २,०८२ यांची बेरीज होते ४,८५८. अंकांची बेरीज २५, ताळा सात! उत्तर पाचपटीने कमी पडलं, तरी ताळा जुळतोच.

दुसरी खूण तर आजोबांना कचेरीपासून माहीत होती. तेरजेत फरक आला आणि त्याला नऊने पूर्ण भाग गेला, की अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. ४,५६३ रुपये ४,६५३ म्हणून चढवले, की फरक ९० चा. नातवाच्या उत्तरातला फरक ३६०, म्हणजे नऊ गुणिले चाळीस. ज्या चुकीने फरक नऊच्या पटीत येतो, ती नऊच्या ताळ्याला दिसणारच नाही. आजोबा दोन्ही गोष्टी रोज वापरत होते, पण त्यांची सांगड त्यांनी कधी घातली नव्हती.

यावर उपाय अकराचा ताळा. एककापासून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. ३४७ साठी सातातून चार गेले, तीन मिळवले, सहा. ६८ साठी आठातून सहा गेले, दोन. सहा दुणे बारा, त्यातून अकरा काढले की एक. २३,५९६ साठी ६ वजा ९ अधिक ५ वजा ३ अधिक २, म्हणजे एक. जुळलं. २३,९५६ साठी मात्र नऊ येतात आणि ४,८५८ साठी सात. दोन्ही चुका उघड्या पडतात. मात्र एक घर सोडून अंकांची अदलाबदल झाली, म्हणजे एकक आणि शतक उलटे लिहिले गेले, तर अकराचा ताळाही फसतो.

लिहिताना शेजारचे अंक उलटे होतात, हे गृहीत धरूनच आधार क्रमांकाची रचना केली आहे. बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हरहॉफच्या पद्धतीने काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले, तर ती पद्धत चूक हमखास पकडते.

घरी गुणाकार तपासताना आधी ढोबळ अंदाज घ्या. ३५० गुणिले ७० म्हणजे साडेचोवीस हजार, तेव्हा ४,८५८ तिथेच बाद. मग नऊचा आणि अकराचा, दोन्ही ताळे पाहा. त्यातला एक जरी चुकला, तरी उत्तर नक्की चूक. दोन्ही जुळले आणि प्रश्न पैशांचा असेल, तर गुणाकार एकदा पुन्हा मांडाच.