चार ओळींची स्लाइड आणि पूर्ण सोडवलेले उदाहरण

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायला शिकवतात. त्या पाठाच्या स्लाइडवर बहुधा अशा चार ओळी असतात:

2x² − 8x + 3 = 0
x² − 4x = −3/2
(x − 2)² = 5/2
x = (4 ± √10)/2

या ओळींत चूक एकही नाही. शिक्षक बोलत असतात तोवर त्या पुरतातही, कारण एका ओळीवरून दुसरीवर कसे आले हे तोंडी सांगितले जाते. तास संपला की ते बोलणे जाते आणि चार निकाल उरतात. घरी वही उघडणाऱ्या मुलाला −3/2 चे एकदम 5/2 झालेले दिसते आणि ते कुठून आले हे कळायला मार्ग नसतो. अशा स्लाइडवरून एकट्याने वाचून समजेल असे सोडवलेले उदाहरण तयार करायचे, तर पहिले काम म्हणजे प्रत्येक दोन ओळींच्या मधली जागा उघडून पाहणे.

त्याआधी स्लाइडवरचा मजकूर हाताने पुन्हा लिहून काढणे बरे. फाइलमधून थेट उचललेल्या मजकुरात x² चा पुष्कळदा x2 होतो, अपूर्णांकाची आडवी रेघ नाहीशी होते आणि ± च्या जागी रिकामी चौकट येते. शिवाय स्लाइडवर ओळी एकेक करून येत असतील, तर छापील पानावर तो क्रमही राहत नाही.

आता मधल्या जागा पाहू. पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना दोन कृती झाल्या आहेत. समीकरणाच्या प्रत्येक पदाला 2 ने भागले, म्हणजे x² − 4x + 3/2 = 0 मिळाले. मग दोन्ही बाजूंतून 3/2 वजा केले. दुसरीवरून तिसरीवर येताना तीन कृती आहेत. x चा सहगुणक −4, त्याचा निम्मा −2, आणि −2 चा वर्ग 4. हा 4 दोन्ही बाजूंत मिळवला. डावीकडे x² − 4x + 4 झाले, ते (a − b)² = a² − 2ab + b² या सूत्राने (x − 2)² असे लिहिले. उजवीकडे −3/2 + 4 म्हणजे −3/2 + 8/2, म्हणजेच 5/2. शेवटच्या उडीतही तीनच आहेत: दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले, दोन्ही बाजूंत 2 मिळवले आणि √(5/2) ला √10/2 असे रूप दिले. चार ओळींच्या मागे आठ कृती निघतात. प्रत्येक कृतीला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे आणि तिच्याशेजारी दोन गोष्टी आल्या पाहिजेत: काय केले, आणि ते करायला परवानगी कशामुळे आहे.

परवानगी लिहिताना वर्गातली सवयीची भाषा आड येते. ‘3/2 पलीकडे नेला, चिन्ह बदलले’ हे बोलायला सोपे आहे, पण त्यात दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया झाली हे दिसत नाही. ज्याला फक्त ‘पलीकडे नेणे’ ठाऊक आहे तो 2x = 6 मधला 2 सुद्धा पलीकडे नेऊन चिन्ह बदलतो आणि x = 6 − 2 लिहितो. म्हणून सोडवलेल्या उदाहरणात ‘दोन्ही बाजूंतून 3/2 वजा करून’ असेच लिहावे. चार शब्द जास्त लागतात, पण पुढचा घोळ टळतो.

कारण कुठे लिहायचे याचाही विचार करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणिताच्या सोडवलेल्या उदाहरणांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उदाहरणे अभ्यासणाऱ्या मुलांनी तशाच धाटणीची नवी उदाहरणे कमी वेळात आणि कमी चुकांनी सोडवली. मात्र वेगळ्या धाटणीच्या उदाहरणांत हा फायदा दिसला नाही. पुढे स्वेलर यांनीच सहकाऱ्यांबरोबर भूमितीत दाखवले की आकृती एकीकडे आणि स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर नजर दोन्हींत हेलपाटे घालते आणि सोडवलेल्या उदाहरणाचा लाभ जातो. त्यामुळे कारण पायरीच्या शेजारीच हवे. पानाच्या तळाशी टीप म्हणून दिलेले कारण फारसे कामाचे नाही.

पायऱ्या उलगडल्या की या विशिष्ट स्लाइडमधला एक दोष समोर येतो, आणि तो साधासुधा नाही. x² − 4x मध्ये x चा सहगुणक चिन्ह सोडून 4 आहे आणि त्याच्या निम्म्याचा वर्गही 4 च येतो. हा निव्वळ आकड्यांचा योगायोग आहे. पण हेच एक उदाहरण पाहणारे मूल ‘x च्या आधीची संख्या दोन्ही बाजूंत मिळवायची’ असा नियम मनात करून घेते. उत्तर बरोबर येते, म्हणून चूक दिसत नाही. इथली सूचना अशी हवी: 4 मिळवला तो सहगुणकात 4 आहे म्हणून नव्हे, −4 चा निम्मा −2 आणि −2 चा वर्ग 4 म्हणून. आणि एवढ्यावर न थांबता लगेच x² − 6x दाखवावे. तिथे 9 मिळवावा लागतो. 6 मिळवले तर x² − 6x + 6 कोणत्याही द्विपदीचा पूर्ण वर्ग होत नाही.

चुकांच्या सूचना लिहिताना मोह होतो तो सगळ्या शक्य चुकांची यादी देण्याचा. तसे केले तर योग्य रीत त्या गर्दीत हरवते. उत्तरपत्रिकांत खरोखर आढळणाऱ्या चुका घ्याव्यात आणि जी चूक जिथे घडते तिथेच ती लिहावी. प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी असाव्यात: चुकीची ओळ, ती चुकीची का, आणि चूक झाली हे स्वतःला कसे ओळखता येईल. चुकीची ओळ स्पष्टपणे खोडलेली दाखवावी, कारण पान भराभर चाळणारी नजर नुसती ओळ उचलते, बाजूचा ‘चूक’ हा शब्द उचलत नाही.

पूर्ण वर्ग पद्धतीत सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे 4 फक्त डावीकडे मिळवणे. मग ओळ होते (x − 2)² = −3/2. इथे मूल थांबते आणि प्रामाणिकपणे लिहिते की वर्ग ऋण असू शकत नाही, म्हणून समीकरणाला वास्तव मुळे नाहीत. निष्कर्षाचा तर्क अगदी बरोबर आहे, फक्त आधीची ओळ खोटी आहे. त्यामुळे ही चूक फार फसवी ठरते. तिची पारख विवेचकाने होते: b² − 4ac = 64 − 24 = 40. तो धन आहे, म्हणजे दोन भिन्न वास्तव मुळे असलीच पाहिजेत. ‘वास्तव मुळे नाहीत’ असे उत्तर आले की विवेचक काढून पाहावा, ही सूचना या पायरीला जोडलेली हवी.

शेवटच्या टप्प्यात तीन चुका दबा धरून असतात. वर्गमूळ घेताना ± विसरले की एक मूळ गायब होते. √(5/2) चे √5/2 केले जाते, म्हणजे छेदातल्या 2 चे वर्गमूळ घ्यायचेच राहते. आणि (4 ± √10)/2 मधल्या 4 ला 2 ने भागून 2 ± √10 असे उत्तर लिहिले जाते. या तिसऱ्या चुकीत छेद अंशातल्या दोन्ही पदांना भागतो हा नियम मोडला जातो.

पाठ्यपुस्तकात मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a असतो हे शिकवलेले असते, त्यामुळे पडताळा म्हणून बेरीज करून पाहा असे सहज सांगितले जाते. या उदाहरणात तो सल्ला धोक्याचा आहे. बेरीज 8/2 म्हणजे 4 यायला हवी. 2 ± √10 या चुकीच्या मुळांची बेरीजही 4 च येते आणि 2 ± √5/2 यांचीही 4 च, कारण बेरीज करताना वर्गमुळाचा भाग उडून जातो आणि चूक नेमकी त्याच भागात असते. गुणाकार मात्र सोडत नाही. तो 3/2 यायला हवा. 2 ± √10 यांचा गुणाकार 4 − 10 = −6 येतो, 2 ± √5/2 यांचा 4 − 5/4 = 11/4. खऱ्या मुळांचा (16 − 10)/4 म्हणजे 3/2. म्हणून पडताळ्याच्या पायरीत गुणाकार आधी करायला सांगावा. बेरजेचा उपयोग वेगळा आहे: (x − 2)² ऐवजी (x + 2)² लिहिले गेले असेल, तर बेरीज −4 येऊन ती चूक उघडी पडते.

तयार झालेले उत्तर लिहिणाऱ्याने दुसऱ्या रीतीनेही सोडवून पाहावे, कारण स्लाइडवरचा छापील दोष आठ पायऱ्यांत पसरला की तो शोधणे कठीण जाते. त्यासाठी श्रीधराचार्यांची रीत सोयीची आहे. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ती श्रीधरांच्या नावाने दिली आहे. समीकरणाला आधी 4a ने गुणायचे आणि मग b² मिळवायचा. इथे 4a = 8, म्हणून 16x² − 64x + 24 = 0. दोन्ही बाजूंतून 24 वजा करून 64 मिळवले की (4x − 8)² = 40, आणि त्यावरून x = (8 ± √40)/4. √40 म्हणजे 2√10, तेव्हा 2 ने संक्षेप देऊन उत्तर तेच येते. वर्ग पूर्ण करेपर्यंत अपूर्णांक कुठेच आला नाही, त्यामुळे अपूर्णांकाची चूक मूळ उत्तरात असती तर इथे ती लगेच कळली असती.

एकच उदाहरण पूर्ण लिहून पुस्तिका संपवली तर मूल ते वाचते, मान डोलावते आणि नवे उदाहरण आले की अडते. स्वेलर आणि कूपर यांना दिसलेली मर्यादा इथेही लागू पडते. म्हणून पहिल्याच्या पाठोपाठ 2x² − 6x + 1 = 0 असे दुसरे उदाहरण द्यावे आणि त्यात शेवटच्या दोन कृती रिकाम्या सोडाव्यात. तिसऱ्यात मधल्याही काढाव्यात. चौथ्यात फक्त समीकरण राहील. दुसऱ्या उदाहरणाचे आकडे मुद्दाम असे निवडले आहेत की 2 ने भागल्यावर x चा सहगुणक −3 उरतो. त्याचा निम्मा −3/2, त्याचा वर्ग 9/4, आणि समीकरण होते (x − 3/2)² = 7/4. पहिल्या उदाहरणावरून ‘सहगुणक मिळवायचा’ असा समज झालेला विद्यार्थी इथे 3 मिळवतो आणि डावी बाजू x² − 3x + 3 होऊन अडकते. या रिकाम्या जागांशेजारी सूचना छापू नये, ती उत्तराच्या पानावर ठेवावी. मुळे (3 ± √7)/2 येतात आणि त्यांचा गुणाकार (9 − 7)/4, म्हणजे 1/2.