पिशवी हवाबंद, पण दाणा कोरडा हवा

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने कावीळ व जलोदर होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार केले होते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. बुरशी धुऊन काढली, तरी दाण्यात ते उरू शकते.

म्हणून साठवणीपूर्वी मक्यातील ओलावा १३ टक्क्यांपर्यंत उतरवावा. पारख आपल्याला घरीच करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे दाणे आणि कोरडे मीठ घालून हलवावे. पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर ओलावा सुमारे १५ टक्क्यांहून अधिक समजावा. न चिकटले, तरी आणखी एक ऊन द्यावे.

हवाबंद पिशवीत सोंडकिडे आतला प्राणवायू संपवून स्वतःच गुदमरतात; विषारी गोळीची गरज उरत नाही. मात्र पिशवी धान्य वाळवीत नाही. ओला दाणा आत ओलाच राहतो. बुरशीचा मका गुरांनाही घालू नये. ते विष दुधावाटे आपल्याच मुलांच्या पेल्यात उतरते.